वॉलेटमधले पैसे नेमके कुठे असतात?

३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. नव्या ठेवी घ्यायच्या नाहीत, वॉलेटमध्ये नव्याने पैसे भरू द्यायचे नाहीत, असा तो आदेश होता. आधी त्याला २९ फेब्रुवारीची मुदत होती, ती पुढे १५ मार्चपर्यंत वाढवली गेली. बातमी आली आणि दोन प्रश्न जिकडेतिकडे विचारले जाऊ लागले: आता अॅप बंद पडणार का, आणि आतल्या पैशांचं काय?

प्रत्यक्षात काय झालं ते बघण्यासारखं आहे. ज्यांनी त्या अॅपला स्टेट बँक किंवा एचडीएफसी अशा दुसऱ्या बँकेतलं खातं जोडलं होतं, त्यांचे यूपीआय व्यवहार चालू राहिले. १४ मार्चला नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्या अॅपला इतर चार बँकांच्या आधाराने यूपीआय चालवायला मंजुरीही दिली. वॉलेट मात्र भरता येईनासं झालं. त्यात शिल्लक होती ती संपेपर्यंत वापरता येत होती, इतकंच.

आणि वॉलेटधारकांमध्येही दोन गट पडले. संपूर्ण केवायसी केलेल्यांना उरलेली रक्कम आपल्या बँक खात्यात किंवा दुसऱ्या वॉलेटमध्ये वळवता येत होती. किमान माहितीवर वॉलेट उघडलेल्यांना ती फक्त दुकानदाराला देण्यासाठी वापरता येईल, असं रिझर्व्ह बँकेने आपल्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं.

अॅप तेच, फोनही तोच, पण तीन ग्राहकांची अवस्था तीन तऱ्हेची. असं का व्हावं, हे कळायला पैशाचा मार्ग पाहावा लागतो.

बँक खात्याशी जोडलेल्या यूपीआय अॅपमध्ये पैसे कधी नसतातच. ग्राहक कोड स्कॅन करतो, रक्कम घालतो आणि यूपीआय पिन टाकतो. हा निरोप त्याच्या बँकेकडे जातो. बँक पिन तपासते, खात्यातून रक्कम वजा करते आणि ती दुकानदाराच्या बँकेत जमा होते. अॅपचं काम निरोप पोचवण्यापुरतं असतं. म्हणून अॅप काढून टाकलं किंवा ते चालवणारी कंपनी बुडाली, तरी पैसे होते तिथेच, बँकेत राहतात. दुसरं अॅप घेऊन तेच खातं जोडलं की काम पुन्हा सुरू.

प्रीपेड वॉलेटचं तसं नाही. त्यात आधी पैसे भरावे लागतात, आणि भरताक्षणी ते ग्राहकाच्या खात्यातून बाहेर पडतात. खानावळीची कुपनं आगाऊ घेऊन ठेवावीत, तसाच हा प्रकार. वॉलेट चालवणारी कंपनी बँक नसेल, तर ही रक्कम तिला एका शेड्यूल्ड व्यापारी बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. हे खातं ठरावीक कामांसाठीच वापरता येतं. कंपनीला त्यातून आपल्या कचेरीचं भाडं भरता येत नाही. त्या खात्यात हजारो ग्राहकांचे पैसे एकत्र पडलेले असतात, आणि कोणाचे किती याची नोंद कंपनीच्या वहीत असते. ग्राहकाला पडद्यावर दिसते ती शिल्लक म्हणजे ही नोंद. दुकानदाराला दोनशे रुपये दिले की नोंद दोनशेने घटते आणि दुकानदाराचा हिशेब कंपनी नंतर एस्क्रोतून चुकता करते.

या एका फरकातून बाकीचे फरक निघतात. बचत खात्यातल्या शिलकीवर व्याज मिळतं, वॉलेटमधल्या शिलकीवर मिळत नाही. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत भरपाई देतं, पण वॉलेटमधली शिल्लक ही ठेव नव्हे, त्यामुळे तिला हा विमा लागू नाही. बँकेच्या पासबुकात वॉलेट भरल्याची एकच ओळ दिसते. पुढे त्यातले पैसे भाजीवर गेले की रिक्षावर, हे कंपनीच्या नोंदींतच पाहावं लागतं.

वॉलेटचा एक फायदाही याच फरकातून येतो. फसवणूक झाली तर वॉलेटमध्ये असेल तेवढीच रक्कम जाऊ शकते, मागचं बचत खातं त्याच्या हाती लागत नाही. अर्थात वॉलेट आपोआप भरण्याची सोय चालू ठेवली नसेल तर. म्हणूनच मोठी शिल्लक असलेलं खातं रोजच्या चहापाण्यासाठी फोनला जोडायला नको, असं वाटणारे लोक आजही वॉलेट वापरतात.

आता मर्यादांकडे येऊ. २७ ऑगस्ट २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी वॉलेटचे मुख्यतः दोन प्रकार केले. पहिलं छोटं वॉलेट. त्यासाठी मोबाइल क्रमांक ओटीपीने पडताळला जातो आणि ग्राहक आपलं नाव व एखाद्या अधिकृत ओळखपत्राचा क्रमांक स्वतः लिहून देतो. ते ओळखपत्र कोणी समोर धरून पाहत नाही. यात कोणत्याही क्षणी दहा हजारांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही. महिन्याला दहा हजार आणि आर्थिक वर्षात एक लाख वीस हजार, यापेक्षा जास्त भरताही येत नाही. शिवाय त्यातून फक्त वस्तू आणि सेवा घेता येतात. दुसऱ्या माणसाला पैसे पाठवणं किंवा रोख काढणं बंद.

दुसरं, संपूर्ण केवायसी झालेलं वॉलेट. त्यात दोन लाखांपर्यंत शिल्लक चालते. आधी नोंदवून ठेवलेल्या व्यक्तीला महिन्याला दोन लाखांपर्यंत, न नोंदवलेल्यांना दहा हजारांपर्यंत पाठवता येतात. कंपनी स्वतःच्या धोरणानुसार यापेक्षा कमी मर्यादा ठेवू शकते, जास्त नाही.

नियम वाचताना सोपे वाटतात, पण ग्राहक अडतो तो बारकाव्यात. समजा, पुण्यात शिकणाऱ्या एका मुलीने छोटं वॉलेट उघडलं. महिन्याच्या तीन तारखेला सहा हजार भरले. मेस, बस, पुस्तकं यांत पाच हजार खर्च झाले आणि हजार उरले. वीस तारखेला ती आणखी पाच हजार भरू पाहते, तर अॅप नकार देतं. ती चक्रावते, कारण शिल्लक सहा हजारच होणार आहे, दहाच्या कितीतरी आत. पण इथे आडवी आली ती दुसरी मर्यादा. त्या महिन्यात भरलेल्या रकमांची बेरीज अकरा हजार झाली असती. मधे खर्च झालेले पैसे या बेरजेतून वजा होत नाहीत. चार हजार भरायला गेली असती, तर काम झालं असतं.

त्याच संध्याकाळी ती खोलीवरच्या मैत्रिणीला विजेच्या बिलातला आपला आठशे रुपयांचा वाटा पाठवू पाहते. तोही व्यवहार होत नाही. पैसे आहेत, मर्यादाही ओलांडलेली नाही. तरी नाही, कारण मैत्रीण ही दुकानदार नव्हे. केवायसी केल्यावर हाच व्यवहार चालतो आणि तिला महिन्याला दहा हजारांहून अधिक भरताही येतं.

ओळख पटवल्याने पैशाचा व्यवहार मोठा का होऊ द्यावा? उत्तर फसवणुकीच्या साखळीत आहे. कोणाच्या खात्यातून पैसे लुबाडले की चोराला पहिली घाई असते ती ते एका जागेवरून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे हलवण्याची आणि शेवटी रोख काढण्याची. यासाठी त्याला अशी ठिकाणं लागतात, जिथे मागे खरा माणूस सापडणार नाही. नुसत्या ओटीपीवर आणि स्वतः सांगितलेल्या नावावर उघडलेलं वॉलेट हे तसं ठिकाण होऊ शकलं असतं. म्हणून त्याचे बाहेरचे रस्ते बंद केलेले आहेत. त्यातून पैसा जाऊ शकतो तो दुकानदाराकडेच, आणि दुकानदाराची माहिती कंपनीजवळ असते. रक्कमही अशी ठेवली आहे की दहा-वीस वॉलेट उघडूनही मोठा डाव साधणं कटकटीचं व्हावं.

केवायसी झाली की त्या वॉलेटमागे पडताळलेला चेहरा, पत्ता आणि कागद उभा राहतो. पैशाची अफरातफर रोखणाऱ्या २००२ च्या कायद्यानुसार कंपनीला ग्राहकाची ओळख जपून ठेवावी लागते आणि संशयास्पद व्यवहार सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावे लागतात. तक्रार आल्यावर पोलिसांना माग काढता येतो. मर्यादा वाढते ती या भरवशावर. केवायसीनंतरही अनोळखी व्यक्तीला पाठवण्याची मर्यादा दहा हजारांवरच का थांबते, हेही यातून उलगडतं. ओळख पटली ती पाठवणाऱ्याची. घेणारा कोण, ते अजून कळलेलं नसतं.

ही पडताळणी प्रत्यक्ष भेटीत होते, किंवा व्हिडिओ कॉलवर. व्हिडिओची परवानगी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये दिली. कंपनीचा प्रशिक्षित अधिकारी थेट बोलतो, ठरावीक साच्याबाहेरचे प्रश्न विचारतो, पॅन पाहतो, आधारची पडताळणी करतो आणि ग्राहक भारतातच आहे ना, याची खातरजमा फोनच्या ठिकाणावरून केली जाते. आधीच चित्रित केलेली फीत चालत नाही.

छोट्या वॉलेटला मुदतही असू शकते. रोख रकमेने भरता येणारं छोटं वॉलेट चोवीस महिन्यांच्या आत संपूर्ण केवायसीचं करावं लागतं. न केल्यास त्यात नवे पैसे येत नाहीत, असलेले मात्र वापरता येतात. फक्त बँक खातं, क्रेडिट कार्ड किंवा केवायसी झालेल्या वॉलेटमधून भरल्या जाणाऱ्या छोट्या वॉलेटला अशी मुदत नाही, कारण तिथे येणाऱ्या पैशाची ओळख आधीच कुठेतरी पटलेली असते.

नेमकी हीच मुदत भामट्यांच्या कामी येते. 'तुमची केवायसी संपली, वॉलेट आज बंद होईल' असा संदेश येतो, खाली मोबाइल क्रमांक असतो. फोन केला की फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं अॅप घ्यायला सांगतात, आणि मग एक रुपया भरून पाहा म्हणतात. तो रुपया भरताना पडद्यावर उमटलेला पिन आणि ओटीपी पलीकडच्याला दिसतो. खरी केवायसी अशी होत नाही. ती कंपनीच्या अॅपमधूनच सुरू होते आणि तिच्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. वॉलेट बंद होईल ही धमकीही पोकळ असते, कारण मुदत टळली तरी शिल्लक बुडत नाही.

तरीही वॉलेटमधून पैसे गेलेच, तर घाई महत्त्वाची. ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी व्यवहार केला आणि तीन दिवसांत कंपनीला कळवलं, तर ग्राहकावर काही बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत झळ बसू शकते. पिन स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. सायबर गुन्ह्यांची तक्रार १९३० या क्रमांकावर नोंदवता येते.

रोजच्या किरकोळ खर्चासाठी हजार-दोन हजार बाजूला ठेवायचे असतील, तर छोटं वॉलेट पुरेसं आहे. घरी पैसे पाठवायचे असतील किंवा शिल्लक हवी तेव्हा बँकेत परत घ्यायची असेल, तर केवायसी आधीच करून ठेवावी, अडचण आल्यावर नव्हे. आणि साठवायचे पैसे बँकेतच ठेवावेत. तिथे व्याजही आहे आणि विमाही.