नोकरी दुसरीकडे पक्की झाली, हे इकडे कसं कळवावं?

समजा, पुण्यातली एक मुलगी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चार-पाच वर्षं काम करते आहे आणि नोकरी बदलायच्या खटपटीत आहे. एका कंपनीचं ऑफर लेटर आलं, तिने ते स्वीकारून सही करून पाठवलं, जॉइनिंगची तारीखही ठरली. दुसऱ्या एका कंपनीत तिच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत आणि मॅनेजरबरोबरची तिसरी फेरी गुरुवारी सकाळी अकराला आहे. आज सोमवार. तिथल्या रिक्रूटर बाईंनी तिच्यासाठी एकदा मुलाखतीची वेळ बदलून दिली होती, टीमचं काम काय आहे हे फोनवर समजावून सांगितलं होतं. आता त्यांना नाही कसं म्हणायचं, या संकोचाने ती मेल लिहायचं टाळते आहे.

अशा वेळी बरेच जण गप्पच बसतात. रिक्रूटरचा फोन वाजतो, कोणी उचलत नाही. हेतू वाईट नसतो, पण पलीकडे काय अडून बसतं हे उमेदवाराला दिसत नाही. गुरुवारी मॅनेजरने आणि एखाद्या अनुभवी सहकाऱ्याने तासभर मोकळा ठेवलेला असतो. त्याच जागेसाठी दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या मुलाला 'दोन दिवसांत कळवतो' असं सांगून थांबवलेलं असतं. सोमवारी निरोप गेला तर अकराची वेळ त्या मुलाला देता येते. गुरुवारी सकाळी गेला तर पॅनेलची पुढची वेळ मिळायला आठवडा जाऊ शकतो, आणि तोवर तो मुलगाही दुसरीकडे लागलेला असतो.

रिक्रूटर कन्सल्टन्सीचा असेल तर त्याचे आर्थिक गणितही यात असते. आपल्याकडे कन्सल्टन्सीची फी बऱ्याचदा वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी ठरते, आणि ती बहुधा उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाल्यावरच मिळते. बायोडाटा पाठवण्यापासून मुलाखती जुळवण्यापर्यंतचं सगळं काम तोवर भरवशावर चालतं. म्हणून हे लोक सारखे फोन करतात, आणि म्हणूनच वेळेवर आलेला स्पष्ट नकार त्यांना गायब झालेल्या उमेदवारापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

हा नकार कधी कळवावा? 'तुमचं सिलेक्शन झालंय' असा फोन आला म्हणजे ऑफर झाली असं नाही. पद, पगाराची फोड आणि जॉइनिंगची तारीख लिहिलेलं पत्र हातात यावं, ते आपण स्वीकारावं, आणि मग त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना कळवावं. 'प्रत्यक्ष जॉइन होईपर्यंत एक बॅकअप असू दे' असं मित्र सांगतात. ही भीती खोटी नाही, कारण ऑफर पुढे ढकलल्या जातात, क्वचित मागेही घेतल्या जातात. पण दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असताना मुलाखतीच्या टप्प्यावरचा बॅकअप फारसा कामाचा नसतो, असं मला वाटतं. ती जागा काही आठवड्यांत भरलेली असते. खरोखर ऑफर मोडलीच, तर रिक्रूटरला पुन्हा मोकळेपणाने फोन करता येईल असं नातं शिल्लक असणं जास्त उपयोगी.

आता प्रत्यक्ष मजकूर. त्या मुलीच्या पहिल्या खर्ड्यात असं वाक्य होतं: 'काही वैयक्तिक कारणांमुळे सध्या या प्रक्रियेत पुढे जाणं मला शक्य होईल असं वाटत नाही.' वाक्य नम्र आहे, पण रिक्रूटरला त्यातून काहीच ठरवता येत नाही. 'वैयक्तिक कारण' वाचून त्या विचारणार, किती दिवस थांबू? 'सध्या' या शब्दामुळे अर्ज बंद न होता होल्डवर जाणार. शिवाय दोन महिन्यांनी नव्या नोकरीची बातमी लिंक्डइनवर दिसली की ते कारण खोटं होतं हे आपोआप कळणार. खर्ड्यात पुढे तीनदा माफी मागितली होती आणि नवी कंपनी का निवडली याचा एक परिच्छेद होता. माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही, आणि तुलना वाचून मॅनेजरच्या मनाला उगाच लागतं.

दुसरा खर्डा असा झाला:

विषय: अर्ज मागे घेत आहे – सीनियर टेस्ट इंजिनिअर, पुणे

नमस्कार मॅडम,
मी दुसऱ्या एका कंपनीची ऑफर स्वीकारली आहे. त्यामुळे सीनियर टेस्ट इंजिनिअर या पदासाठीचा माझा अर्ज मी मागे घेत आहे. गुरुवारची अकराची मुलाखत कृपया रद्द करावी.
दुसऱ्या फेरीआधी तुम्ही टीमचं काम फोनवर नीट समजावून सांगितलंत, त्याची मला खूप मदत झाली. तुमचे आणि मुलाखत घेणाऱ्या सरांचे मनापासून आभार.

खाली नाव आणि मोबाइल नंबर, बस्स. असा मेल बहुतेक ठिकाणी इंग्रजीत जातो, पण त्यात सांगायचं एवढंच. विषयाच्या ओळीत पदाचं नाव हवं, कारण एकेक रिक्रूटर एका वेळी अनेक जागा हाताळत असतो. निर्णय पहिल्याच वाक्यात हवा, म्हणजे मोबाइलवर मेल न उघडताही कळतो. जिव्हाळा आहे तो टीमच्या कामाबद्दलच्या त्या एका वाक्यात. 'आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आभार' हे कोणालाही लिहिता येतं. फोनवरची मदत ज्यांनी केली त्यांनाच आठवते. मेल नवा न लिहिता आधीच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवला की जुना सगळा व्यवहार त्यांच्यासमोर राहतो.

मुलाखत दोन दिवसांवर आली असेल, तर मेलबरोबर एक फोनही करावा. त्यावर बहुधा विचारलं जातं, 'कुठे जॉइन होताय? किती देताहेत? आम्ही वाढवून दिलं तर?' कंपनीचं नाव आणि आकडा सांगायचं बंधन नाही. 'मॅडम, मी त्यांना होकार दिलाय, तो आता बदलणार नाही' एवढं पुरे. जास्त पगारासाठी आपण खरंच बदलणार असू, तर पहिल्या पत्रावर सही करण्याआधीच या दुसऱ्या कंपनीशी बोलायला हवं होतं. सही झाल्यावर ती बोलणी उघडली की दोन्हीकडचे लोक टांगणीला लागतात.

कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर आधी कन्सल्टंटला कळवा. कंपनीला परस्पर मेल गेला तर आपल्याच उमेदवाराची बातमी त्याला क्लायंटकडून कळते. आणि ज्या तिसऱ्या ठिकाणी नुसता अर्ज पडून आहे, अजून कोणी बोललेलंही नाही, तिथे पोर्टलवर अर्ज मागे घ्यायची सोय असेल तर ती वापरली की झालं, मेलची गरज नाही. मुलाखतीचं कॅलेंडरवरचं निमंत्रणही नाकारून टाकावं, नाहीतर मेल वाचायचा राहिलेला मॅनेजर गुरुवारी अकराला कॉलवर एकटाच वाट पाहत बसतो.

रिक्रूटरचं उत्तर सहसा 'ऑल द बेस्ट, संपर्कात राहा' असं येतं. त्यावर एक 'धन्यवाद' पुरतं. आपल्या ओळखीत त्याच कामाचं, नोकरी शोधणारं कोणी असेल, तर त्या व्यक्तीला विचारून तिचं नाव वेगळ्या मेलने पाठवावं. रिक्रूटरला गुरुवारची ती जागा अजून भरायचीच असते.