पीयूसीच्या चिठ्ठीवरचे दोन आकडे

दुचाकी पीयूसीत नापास झाली की बहुतेक जण थेट कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायला सांगतात. त्याआधी चिठ्ठीवरचे दोन आकडे वाचावेत, कारण दोष कुठे आहे ते त्यांतूनच कळते.

पहिला आकडा कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे सीओचा. दुसरा हायड्रोकार्बनचा, म्हणजे न जळता बाहेर पडलेल्या इंधनाचा. एप्रिल २००० नंतरच्या कार्बोरेटरवाल्या फोर-स्ट्रोक गाड्यांना गाडी आयडलिंगवर असताना सीओ ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम एवढी मर्यादा आहे. बीएस-६ गाड्यांचे निकष याहून कडक आहेत.

सीओ जास्त असेल तर इंजिनाला पेट्रोलच्या मानाने हवा कमी मिळते आहे. एअर फिल्टर धुळीने बुजलेला असतो, चोक अर्धवट अडकलेला असतो किंवा स्क्रूची सेटिंग बिघडलेली असते. सीओ मर्यादेत असून हायड्रोकार्बनच वाढले असेल, तर ठिणगी चुकते आहे. अशा वेळी प्लग आणि व्हॉल्व्हचे अंतर तपासावे. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या जोडातून हवा शिरत असली तरी असेच होते.

समजा, २०१२ च्या एका स्कूटरचा सीओ ५.२ आणि हायड्रोकार्बन ३१०० आला. हायड्रोकार्बन मर्यादेत आहे, म्हणजे प्लगवर खर्च करण्याआधी हवेची वाट पाहायला हवी. कागदी फिल्टर काळा पडलेला असेल तर तो धुऊ नये, बदलावा. एवढ्याने सीओ ४.३ पर्यंत उतरला, तर पुढचे काम स्क्रूचे. इंजिन चांगले गरम करून मिश्रणाचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि प्रत्येक वेळी मशीनवरचा आकडा पाहावा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो सैल केल्याने हवा वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो आवळल्याने पेट्रोल कमी होते. शेवटी आयडलिंगचा वेग कंपनीने दिल्याप्रमाणे लावावा.

सीओ अडीच-तीनच्या आसपास आला की थांबावे. हाव धरून पेट्रोल आणखी कमी केले तर इंजिन अडखळते, तापते आणि हायड्रोकार्बन उलट वाढू लागते.

सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल तर मात्र स्क्रूचा उपयोग नाही. तिथे ऑइल जळते आहे, आणि पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील पाहावे लागतात. बीएस-६ च्या फ्युएल इंजेक्शन गाड्यांत असा स्क्रू फिरवून मिश्रण बदलत नाही. तिथे सेन्सर आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत.

म्हणून नापासाची चिठ्ठी फेकू नका. ती मेकॅनिकला दाखवा, आणि दुरुस्तीनंतरचे आकडे तिच्याशी ताडून पाहा.