कोल्हापूरच्या मुली आणि सोनोग्राफीवरचा पहारेकरी

2001च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 839 मुली होत्या. निसर्गाच्या हिशेबाने जन्मताना त्या साडेनऊशेच्या आसपास असायला हव्यात. 2010 मध्ये जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवायला लावला. यंत्राच्या पडद्यावरचे चित्रण जपून ठेवणारे हे उपकरण. डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली, पण 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उपक्रम उचलून धरला. त्याच वर्षीच्या जनगणनेत आकडा 863 निघाला.

उपकरण बसले आणि मुली वाढल्या. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक समजावण्यासाठी संख्याशास्त्राच्या चर्चासत्राला याहून जवळचे उदाहरण शोधायला नको.

पहिला प्रश्न तारखांचा. मार्च 2011 मध्ये मोजलेली मुले मार्च 2004 पासूनच्या 84 महिन्यांत जन्मलेली होती. गर्भाचे लिंग सोनोग्राफीत साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास कळते. म्हणजे मार्च 2010 मध्येच सर्व यंत्रांवर पहारा बसला असे धरले, तरी त्याचा परिणाम सप्टेंबरनंतरच्या जन्मांवरच, जेमतेम सहा महिने. त्या सहा महिन्यांत प्रमाण थेट 950 झाले असे मानले, तर 111 अंकांच्या वाढीचा चौदावा भाग, म्हणजे सुमारे 8 अंक, एकूण आकड्यात उतरतो. वाढ मात्र 24 अंकांची. उरलेले 16 अंक उपकरणाच्या खात्यात टाकताच येत नाहीत.

मग ते आले कुठून? शेजारी पाहावे. कोल्हापूरचा आदेश लागू नसलेल्या सांगलीत त्याच दशकात 851चे 867 झाले. वाढ 16. साताऱ्यात 878चे 895, वाढ 17. राज्याचा आकडा मात्र 913 वरून 894 वर घसरला. तेव्हा या पट्ट्यात आधीपासूनच काहीतरी बदलत होते. वजाबाकी करून उरलेले 7-8 अंक उपकरणाचे मानायचा मोह होतो, पण त्यासाठी ते पहिल्या दिवसापासून शंभर टक्के यशस्वी ठरले असे मानावे लागेल. मला ते पटत नाही.

नमुना सर्वेक्षणात याहून मोठी फसगत आहे. समजा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारख्या पाहणीत एका जिल्ह्यातले 400 जन्म सापडले. खरे प्रमाण 950 असले, तरी निव्वळ योगायोगाने तिथे 780पासून 1150पर्यंत काहीही दिसू शकते. दोन फेऱ्यांमधल्या शंभर अंकांच्या उडीचे श्रेय कोणत्याही योजनेला देणे म्हणून धाडसाचे.

उपकरण निकामी होते असे यातून सिद्ध होत नाही. त्याचा परिणाम तपासायचा तर दर केंद्रावर ते कोणत्या तारखेला बसले आणि त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी त्या तालुक्याच्या जन्मनोंदणीत काय बदलले, हे शेजारच्या तालुक्यांशी ताडून पाहावे लागते. तोवर 839 आणि 863 हे दोन आकडे कोणाच्याही यशाचा पुरावा म्हणून वापरू नयेत.