कादंबरीतील आत्मसंवाद आणि चित्रपट

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (2004) ही कादंबरी नववीतला मुकुंद ‘मी’ या भूमिकेतून सांगतो. शिरोडकरविषयी तो उघडपणे जेवढे बोलतो, त्याहून कितीतरी अधिक मनात बोलतो. सुजय डहाके यांनी या कादंबरीवर चित्रपट केला. अशा रूपांतरात नेमके काय अडते?

नमुन्यादाखल, ‘ती आज आली नसती, तर बरे झाले असते’ असे मनातले वाक्य घ्या. यातील नकार आणि संकेतार्थ भाषेने घडवले आहेत. कॅमेरा मात्र ‘ती आली’ एवढेच दाखवतो.

व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यामागून येणारे निवेदन, हे वाक्य जसेच्या तसे ऐकवू शकते. पण चेहराही तेच सांगत असेल, तर ती पुनरुक्ती ठरते. आवाज बंद करून प्रसंग पाहा. अर्थ काहीच हरवला नाही, तर निवेदन अनावश्यक होते, असे समजावे.

दुसरा मार्ग दृश्याचा. ती दिसताच मुलगा पावले मंदावतो, वहीत डोके खुपसतो, असे दाखवता येईल. त्यातून संकोच कळतो. परंतु तो भीतीचा की आनंदाचा, हे प्रेक्षकालाच ठरवावे लागते. निवेदनात नेमकेपणा असतो, दृश्यात संदिग्धता. यांतील निवड दिग्दर्शकाला प्रसंगागणिक करावी लागते.