दाराला किती व्हार्निश लागेल?

जुन्या कौलारू घरातली सागवानी दारं-खिडक्या पुन्हा चकाकवायच्या म्हटल्या की दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती लिटर देऊ?’ बहुतेक जण दाराची लांबी-रुंदी गुणतात, दोन बाजू म्हणून दुप्पट करतात आणि अंदाजाने डबा उचलतात. सपाट फळीसाठी हा हिशेब बरोबर आहे. पण जुनं दार सपाट नसतं, आणि खिडकी तर मुळीच नसते.

एक घर डोळ्यांसमोर आणू. पुढचं पॅनेलचं दार चौकटीसकट ७ फूट बाय ४ फूट. चार खिडक्या, प्रत्येकी चौकटीसकट ४ बाय ४. खिडक्यांना तिरक्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत, म्हणजे वारा येतो आणि पाऊस अडतो. सपाट मोजलं तर दार २८ चौरस फूट आणि खिडक्या ६४, एकूण ९२. दोन्ही बाजू धरून १८४.

आता झडपेची एक पट्टी जवळून बघा. तिला वरची बाजू, खालची बाजू आणि दोन कडा आहेत, आणि पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असल्याने समोरून तिचा थोडाच भाग दिसतो. ब्रश मात्र सगळीकडे फिरवावा लागतो. म्हणूनच सरकारी बांधकामांच्या मोजमापात सपाट क्षेत्रफळाला एका ठरावीक आकड्याने गुणतात. हा आकडा प्रत्येक बाजूसाठी पॅनेलच्या दाराला १.३०, सपाट फ्लश दाराला १.२०, पूर्ण काचेच्या तावदानांना ०.८० आणि पट्ट्यांच्या झडपांना १.८० असतो. चौकट आणि कडा या आकड्यांतच धरलेल्या असतात, त्या वेगळ्या मोजायच्या नाहीत. काचेला व्हार्निश लागत नाही, म्हणून तिथला आकडा एकपेक्षा कमी.

या हिशेबाने आपलं दार २८ गुणिले २ गुणिले १.३०, म्हणजे ७२.८ चौरस फूट होतं. खिडक्यांचं ६४ गुणिले २ गुणिले १.८० केलं की २३०.४ येतात. एकूण ३०३ चौरस फूट. मघाचे १८४ कुठे आणि हे कुठे!

आता हात किती द्यायचे? घासून उघडं केलेलं लाकूड पहिला हात पिऊन टाकतं, कारण त्याच्या रंध्रांत व्हार्निश मुरतं. पुढचे हात मात्र आधीच्या थरावर बसतात, म्हणून ते दूरवर पसरतात. एका लिटरात किती जागा होते हे डब्यावर छापलेलं असतं, पण तो आकडा गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो. जुन्या लाकडासाठी मी पहिल्या हाताला लिटरमागे ८० चौरस फूट आणि पुढच्यांना ११० धरते. पहिल्या हाताला ३०३ भागिले ८०, म्हणजे ३.८ लिटर लागतं. पुढच्या दोन हातांना प्रत्येकी २.७५. एकूण ९.३ लिटर. ब्रशला आणि डब्याच्या तळाला राहणारं पाच टक्के धरा, म्हणजे ९.८. दहा लिटर आणा. याच कामाला सपाट मापाने सहाच लिटर निघाले असते, आणि तिसरा हात द्यायच्या वेळी डबा कधीच रिकामा झालेला असता. अशा वेळी कारागीर बहुधा उरलेलं टर्पेंटाइनने पातळ करून पुरवतो. मग थर विरळ बसतो, काही ठिकाणी चमक येते तर काही ठिकाणी लाकूड मळकट दिसतं. तिरपं बघितलं की हे ठिपके लगेच ओळखू येतात. उलट, उरलेलं संपवायचं म्हणून जाड थर दिला तर ओघळ येतात आणि तो आतून चिकटच राहतो.

दाराची खालची कड लोक हटकून विसरतात. ती कुणाला दिसत नाही, पण पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते, दार फुगतं आणि उंबऱ्याला घासू लागतं. दार बिजागऱ्यांवरून उतरवूनच ही कड भरावी.

हा सगळा हिशेब ब्रशने द्यायच्या व्हार्निशचा. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापडाच्या बोळ्याने घासतात, त्या पॉलिशला तो लागू नाही. ते पातळ थरांनी, चमक येईपर्यंत घासत राहायचं असतं, आणि पाण्याने ते पांढुरकं पडतं, म्हणून पावसाच्या माऱ्यातल्या खिडकीला ते देऊच नये.

आपलं लाकूड किती पितं याची खात्री करायची असेल तर सुरुवात दारापासून करा. पहिल्या हाताला त्याला साधारण ०.९ लिटर लागायला हवं. डब्यातून १.१ लिटर गेलं, तर लिटरला ६६ चौरस फूटच होत आहेत. मग पहिल्याच हाताला एकूण ४.६ लिटर लागणार. खिडक्यांना हात लावण्यापूर्वी त्याच कंपनीचा, त्याच प्रकारचा एक लिटरचा डबा आणखी आणून ठेवा.