चरचर जावी, तबला राहावा

ख्यालगायनाची जुनी एलपी संगणकावर उतरवली की गाण्यासोबत दोन नको असलेले आवाज येतात. एक ओरखड्याचा ठळक ‘टक्’, दुसरी फोडणी तडतडावी तशी बारीक, अखंड चरचर. दोन्ही काढता येतात, पण हात जड पडला तर तबल्याची धारही बोथट होते.

‘टक्’ जेमतेम एखाद्या मिलिसेकंदाचा असतो. सॉफ्टवेअर ध्वनिलहरीत अचानक उसळलेलं टोक शोधतं आणि आजूबाजूच्या लहरीवरून तेवढा तुकडा नव्याने भरतं. तुकडा इतका लहान असतो की सांधा कानाला कळत नाही. अडचण शोधण्यात आहे, कारण तबल्याच्या किनारीवरचा ‘ना’ही तसाच एकदम उसळतो.

दोघांतला फरक मात्र डोळ्यांना दिसतो. लहर मोठी करून पाहिली की ओरखड्याचं टोक सुईसारखं येतं आणि लगेच संपतं. ‘ना’मागे आस रेंगाळते. शिवाय एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद लागतात. खाचांना आडवा गेलेला ओरखडा त्यामुळे दर 1.8 सेकंदांनी वाजतो. तबला असा घड्याळ लावून रेकॉर्डच्या फेऱ्याबरोबर चालत नाही.

आधी रेकॉर्ड नीट धुऊन वाळवावी. जी धूळ गेली, ती संगणकाला काढावी लागत नाही. मग 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रण करावं. मोफत मिळणाऱ्या Audacity मध्ये Click Removal आहे. त्यातला Threshold जितका कमी, तितकी पकड कडक. म्हणून आकडा चढा ठेवून सुरुवात करावी आणि हळूहळू खाली यावं. उरलेले हट्टी ‘टक्’ एकेक निवडून Repair ने दुरुस्त करावेत. ते एका वेळी 128 नमुन्यांपर्यंत, म्हणजे या ध्वनिमुद्रणात सुमारे 1.3 मिलिसेकंद, भरून काढतं. तो भाग कापून मात्र टाकू नये. तेवढा काळ गळाला की लय सरकते.

पकड जास्त कडक झाली का, याची खात्रीची परीक्षा अशी: मूळ ट्रॅकची प्रत काढावी, एकाच ट्रॅकवर सफाई करावी, दुसऱ्याला Invert लावावं आणि दोन्ही एकत्र वाजवावेत. जे सारखं आहे ते एकमेकांना खोडतं आणि काढून टाकलेलं तेवढंच ऐकू येतं. नुसती टकटक आली तर काम नेटकं झालं. त्यात ठेका ओळखू आला, किंवा गायिकेच्या ‘स’चा सीत्कार आला, तर Threshold वाढवावा.

चरचरही याच रीतीने, अगदी छोट्या टोकांवर नेम धरून कमी करावी. तिच्यासाठी Noise Reduction वापरण्याचा मोह टाळावा. ते सतत वाहणाऱ्या घरघरीसाठी आहे. चरचर घालवण्याइतकं जोरात लावलं तर वरच्या पट्टीतले सूक्ष्म स्वर दबतात आणि तंबोऱ्याची जवारी मालवते. थोडी चरचर राहू द्यावी, आणि मूळ फाइल न बदलता वेगळी जपावी.