निळी खूण आणि फुकट इन्सुलिन

नोव्हेंबर 2022 मध्ये ट्विटरवर एक संदेश झळकला: इन्सुलिन आता मोफत. खात्यावर एली लिली या अमेरिकी औषध कंपनीचे नाव आणि लोगो, शेजारी निळी खूण. संदेश हजारो लोकांनी पाहिला आणि पुढे पाठवला. खाते मात्र तोतया होते.

त्याच आठवड्यात ट्विटरने महिना 8 डॉलरमध्ये निळी खूण विकायला काढली होती. कंपनीचे खरे खाते @LillyPad, तोतयाचे @EliLillyandCo. गंमत अशी की बनावट नावच जास्त खरे वाटत होते! कंपनीच्या संकेतस्थळावरून खात्यावर गेलेला माणूस फसला नसता. खुणेवर टिचकी मारली असती, तरी ती वर्गणी भरून मिळाल्याचे तिथेच वाचायला मिळाले असते. कंपनीला त्याच दिवशी माफीचा खुलासा करावा लागला. इन्सुलिनच्या किमतीने पिचलेल्या रुग्णांशी झालेला हा खेळ क्रूरच होता. पुढे डिसेंबरात ट्विटरने व्यवसायांसाठी वेगळी सोनेरी खूण आणली.

व्हॉट्सॲपवर खरी खूण चॅटच्या माथ्यावर व्यवसायाच्या नावाशेजारी असते. ती प्रोफाइलच्या फोटोत रंगवलेली दिसली, तर खाते बनावट समजावे. नुसते ‘बिझनेस अकाउंट’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. ते ॲप कुणीही घेऊ शकतो.

शेवटी वागणूक पाहावी. ‘आज रात्री खाते बंद होईल’ असा धाक घालून कुणी ओटीपी मागितला किंवा APK फाइल पाठवली, तर खूण कोणतीही असो, बँकेला पासबुकावरच्या क्रमांकावर फोन करावा.